एका परिच्छेदाची छाटणी

माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि दखनी, आणि लिहिणे मात्र हिंदीत. त्या काळी निबंधात 'अत्यंत' आणि 'बहुत ही' जितके जास्त, तितके गुण जास्त, असा आम्हा मुलांचा समज होता. ती सवय माझ्या मराठीतही उतरली. गेली काही वर्षे सुट्टीत मी एक कादंबरी लिहितो आहे. 1972 च्या दुष्काळात माझ्या वडिलांनी बैल विकला, तो प्रसंग तिच्यात आहे. मी तेव्हा रांगत होतो. पहिला खर्डा असा होता :

"विठोबाने अत्यंत जड अंतःकरणाने बैलाच्या पाठीवरून अगदी हळुवारपणे हात फिरवला. बैलाने एकदम मान वळवून त्याच्याकडे खूपच केविलवाण्या नजरेने पाहिले. विठोबाला फारच वाईट वाटले. दलालाने घाईघाईने त्याच्या हातावर नोटा ठेवल्या. त्या न मोजताच त्याने पटकन खिशात कोंबल्या आणि पूर्णपणे खचून जाऊन तो हळूहळू घराकडे चालू लागला. वाटेत तो कोणाशी फारसे बोलला नाही."

आमच्या शाळेतील मराठीच्या बाईंनी वाचून एवढेच म्हटले, "सर, विठोबापेक्षा तुम्हीच जास्त रडताय." मला राग आला, हे कबूल करतो. रात्री लाल पेन घेऊन बसलो.

एकेक शब्द झाकायचा आणि वाक्य मोठ्याने वाचायचे. चित्र बदलले नाही तर शब्द काढायचा. 'अत्यंत', 'अगदी', 'एकदम', 'खूपच' लगेच गेले. 'पटकन' झाकल्यावर लक्षात आले की घाई 'कोंबल्या' या क्रियापदातच आहे. नोटा कोणी सावकाश कोंबत नाही. 'पूर्णपणे खचून जाऊन' मध्येही तसेच. आपल्या मराठीत 'खचून जाणे', 'विसरून जाणे', 'खाऊन टाकणे' यांतले दुसरे क्रियापदच काम पुरे झाल्याचे सांगते. त्याच्या आधी 'पूर्णपणे' लावणे म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगणे. 'हळूहळू चालू लागला' इथे नुसते 'हळूहळू' काढून भागेना, कारण 'चालू लागला' हे क्रियापदच कच्चे होते. 'पाय ओढत निघाला' असे केले, आणि मग खचल्याचे वेगळे सांगायची गरज उरली नाही. 'जड अंतःकरण', 'केविलवाणी नजर' ही क्रियाविशेषणे नव्हेत, पण त्याच कुळातली, तीही गेली. 'फारच वाईट वाटले' हे तर सबंध वाक्यच काढले.

हात सुटला की थांबत नाही. मी 'घाईघाईने' सुद्धा काढले. सकाळी वाचले तर दलाल भला माणूस वाटू लागला! त्याला पुढच्या सौद्याची घाई आहे, हे 'ठेवल्या' या क्रियापदात कुठेच नाही. तो शब्द परत घेतला. 'फारसे' काढले तर अर्थच बदलतो. कमी बोलणे वेगळे आणि न बोलणे वेगळे. 'मोजताच' मधला 'च' देखील ठेवला, कारण पै-पै मोजणारा माणूस त्या दिवशी मोजत नाही, हेच त्या वाक्यात आहे. शेवटी असे राहिले :

"विठोबाने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. बैलाने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. दलालाने घाईघाईने त्याच्या हातावर नोटा ठेवल्या. त्या न मोजताच त्याने खिशात कोंबल्या आणि पाय ओढत तो घराकडे निघाला. वाटेत तो कोणाशी फारसे बोलला नाही."

51 शब्दांचे 34 झाले.

संवादांना मात्र मी पेन लावले नाही. आपल्याकडची म्हातारी 'लई वंगाळ झालं' म्हणते, शेजारचे चाचा 'भोत बुरा हुआ' म्हणतात. तो त्यांचा बोलण्याचा ठेका आहे, तो लेखकाने कापू नये. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) पुन्हा वाचली. तिथेही दुष्काळ आहे, पण लेखक वाचकाच्या खांद्यावर हात ठेवून 'बघा किती वाईट' असे म्हणत नाही.

गेल्या दिवाळीत हा परिच्छेद थोरल्या भावाला वाचून दाखवला. त्या दिवशी तो वडिलांबरोबर बाजारात होता. ऐकून तो बराच वेळ सुपारी कातरत बसला. मग म्हणाला, "समदं खरं हाय. पर बैलाचं नाव का न्हाई घातलंस? सर्ज्या नाव होतं त्याचं."

पहिल्या वाक्यात एक शब्द वाढवला.