दर भेटीत लहान होत गेलेलं अष्टक

श्रीशिवराज अष्टक पडद्यावर पहिल्यांदा भेटलं ते जून २०१८मध्ये, मध्यरात्री पन्हाळ्याचा कडा चढताना. नाव सांगितलं ‘फर्जंद’. कोंडाजी फर्जंद, साठ मावळे, साल १६७३. महाराज तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे. पुढच्या वर्षी ते ‘फत्तेशिकस्त’ होऊन आलं, तर थेट १६६३च्या लाल महालात. २०२२च्या फेब्रुवारीत ‘पावनखिंड’ म्हणून आलं, तेव्हा साल १६६० होतं. दोनच महिन्यांनी ‘शेर शिवराज’ आला, तो १६५९चा. माणसं दर भेटीत थोडी थकलेली दिसतात. हे पोर मात्र दर भेटीत लहान होत गेलं. त्रेचाळीस, तेहतीस, तीस, एकोणतीस. आणि २०२३मध्ये ‘सुभेदार’ होऊन एकदम चाळिशीला टेकलं.

दिग्पाल लांजेकरांनी आठ चित्रपटांचा संकल्प सोडला, पण अष्टकाला रांगेत चालायची सवय लावली नाही. एकेक प्रसंग मनात भरेल तसा त्यांनी घेतला. वर्ष-दोन वर्षांनी एकेक बघणाऱ्या आम्हाला ते खटकलं नाही. सगळं घरबसल्या सलग बघणाऱ्या मुलांचं मात्र अडतं.

दिवाळीत सांगलीहून भाचा आला. दहा वर्षांचा. त्यानं सगळ्यात नवा म्हणून आधी ‘सुभेदार’ लावला आणि पहिल्या अर्ध्या तासातच विचारलं, “मामा, कोंढाणा आपलाच होता ना? मग परत का घ्यायचा?” प्रश्न बिनचूक होता. १६६५च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले, त्यात कोंढाणा होता. मग आग्रा झालं आणि १६७०मध्ये तानाजी कड्याला भिडले. हे माहीत नसेल तर शौर्य दिसतं, त्यामागची निकड दिसत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं ‘पावनखिंड’ लावला आणि तो गोंधळूनच गेला. “तानाजी तर गेले होते!” पडद्यावर बाजीप्रभू होते. दोन्ही भूमिका अजय पूरकरांच्याच. अंकित मोहनही असेच. ‘फर्जंद’मध्ये कोंडाजी, ‘फत्तेशिकस्त’मध्ये येसाजी कंक, ‘पावनखिंड’मध्ये रायाजी बांदल. अष्टकाचा हा स्वभावच आहे. महाराज चिन्मय मांडलेकर आणि आऊसाहेब मृणाल कुलकर्णी, या पाच चित्रपटांत एवढे दोन चेहरे त्यानं जपले. बाकीचे चेहरे नव्या नावानं पुन्हा येतात. म्हणून चेहऱ्यावर नाही, सालावर लक्ष ठेवायचं.

हेच दोन चेहरे या पाचांची ओळखही पटवतात. ‘तान्हाजी’ आणि ‘हर हर महादेव’ त्याच कड्याखिंडींतून जातात, पण ते या घरातले नव्हेत. ‘शिवरायांचा छावा’ लांजेकरांचाच, पण तो संभाजीराजांचा काळ. त्याला शेवटी बसवावं.

मग सुरुवात कुठून? माझं मत ‘शेर शिवराज’. प्रतापगड आमच्याच जिल्ह्यातला, खानाची छावणी पडली ती आमच्या वाईला, हा जिव्हाळा आहेच. पण खरं कारण पन्हाळा. १० नोव्हेंबर १६५९ला खान पडला आणि अठरा दिवसांत पन्हाळा स्वराज्यात आला. म्हणून तर सिद्दी जौहरचा वेढा पडला, म्हणून १६६०च्या जुलैतली ती पावसाळी रात्र आणि बाजीप्रभूंची खिंड. त्याच वर्षी पन्हाळा सोडावा लागला आणि तो थेट १६७३मध्ये कोंडाजीनं परत आणला. अष्टकानं उत्तर आधी सांगून ठेवलं, प्रश्न नंतर. ‘शेर शिवराज’, ‘पावनखिंड’, ‘फत्तेशिकस्त’, ‘सुभेदार’ आणि मग ‘फर्जंद’ असं लावलं की ते उत्तर आपल्या जागी बसतं. ‘सुभेदार’च्या आधी पुरंदर आणि आग्रा घरातल्या मोठ्यांनी दहा मिनिटं तोंडी सांगावं.

यात एक उणं आहे. पहिला चित्रपट शेवटी येतो, आणि आधीच्या भव्य लढायांनंतर त्याचा पसारा लहान वाटू शकतो. एकच संध्याकाळ हाताशी असेल तर ‘पावनखिंड’ बघावा. वेढा पडलाय आणि राजांना विशाळगड गाठायचाय, एवढं कळलं की तो एकटा उभा राहतो.

भाच्यानं मग ‘शेर शिवराज’पासून पुन्हा सुरू केलं. अंगणात मातीचा प्रतापगड आधीच झाला होता. त्याच्या शेजारी विटांवर माती थापून त्यानं पन्हाळा केला आणि रोज चित्रपट संपला की जाऊन झेंडा बदलायचा. ‘पावनखिंड’नंतर त्यानं पन्हाळ्यावरचा भगवा काढला, तो हातात घेऊन बराच वेळ तिथंच बसून राहिला. ‘फर्जंद’ लागला तेव्हा सांगलीची गाडी दोन तासांवर आली होती. कडा दिसताच तो उठून पडद्याजवळ गेला.

“मामा, हा तोच ना?”

गाडी चुकली तरी चालेल, असं मी बहिणीला फोनवर सांगितलं.