सुतक नसलेला शोक

माणूस गेला की त्याच्या माणसांनी शोक कसा करावा, हे आपल्या समाजाने ठरवून दिले आहे. जवळच्या भाऊबंदांना दहा दिवसांचे सुतक, दूरच्यांना त्याहून कमी. त्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भात आणून देतात. वाचकहो, तुम्ही याकडे केवळ रूढी म्हणून पाहत असाल. मला त्यात एक मोजमाप दिसते. गेलेल्याचे कोण किती जवळचे होते, हे सुतकाच्या दिवसांवरून चारचौघांना कळते. ज्याचे नातेच कुणाला ठाऊक नाही, त्याच्या वाट्याला एकही दिवस येत नाही.

आम्ही दोघे पुरुष पुण्यात १९ वर्षे एका घरात संसार करत होतो. घरमालकाच्या लेखी आम्ही भाडे वाटून घेणारे नोकरदार होतो आणि माझ्या सोबत्याच्या घरच्यांसाठी मी त्याचा मित्र. तो गेल्यावर अंत्यविधी त्याच्या भावाने केले. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो. मित्र गेला म्हणून किती दिवसांची रजा मागावी?

दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर मी मागे उभा होतो. पिंडाला कावळा शिवेना. काही इच्छा राहिली असावी, म्हणून नातलग एकेक करून पुढे आले. कुणी म्हणाले, 'आईला सांभाळू'. कुणी म्हणाले, 'पुतणीचे लग्न थाटात करू'. त्याचा जीव कशात अडकला असेल, हे मला ठाऊक होते. माझी रक्तदाबाची गोळी रोज रात्री तोच माझ्या हातावर ठेवत असे. 'गोळी वेळेवर घेईन' एवढेच मला म्हणायचे होते. परंतु त्या वाक्यामागचे सारेच मग सांगावे लागले असते. अखेर दर्भाचा कावळा करून विधी उरकला.

ज्या शोकाला उघड मान्यता नाही, जो चारचौघांत व्यक्त करता येत नाही, अशा शोकाचा विचार अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ च्या ग्रंथात मांडला. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र विवाहाचा हक्क मान्य केला नाही. त्यामुळे मला गुन्हेगार कुणी म्हणणार नाही, पण विधुरही म्हणणार नाही.

पंधरवड्याने कचेरीतले एक वयस्कर सहकारी म्हणाले, 'तुमचा जोडीदार गेला म्हणे.' खोलीत सोबत राहणाऱ्यालाही आपण जोडीदारच म्हणतो. त्यांना कोणता अर्थ अभिप्रेत होता, हे मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे डबा ठेवला. त्यात पिठलं-भात होता.