कोऱ्या अनुभवाची वही

नोकरीच्या अर्जातला 'पूर्वानुभव' हा रकाना आपल्यासारख्या नवशिक्यांना नेहमीच वाकुल्या दाखवीत असतो. मार्केटिंगच्या क्षेत्रात तर त्याच्या जोडीला आणखी एक मागणी असते, 'आपल्या कामाचे नमुने जोडावेत.' नोकरीवाचून काम नाही, कामावाचून नमुना नाही आणि नमुन्यावाचून नोकरी नाही! तिसऱ्या वर्षाला मराठी हा विषय घेऊन जाहिरातलेखनाकडे वळू पाहणाऱ्या मला हे कोडे सोडवणे भागच होते. त्यातून जी एक वही तयार झाली, तिची ही हकिकत.

असे नमुने जमवण्याची एक रूढ वाट आहे. साबण, चहा, मोटारसायकल अशा नामांकित मालाच्या काल्पनिक जाहिराती संगणकावर रंगवायच्या आणि एकत्र बांधायच्या. अशा काही वह्या मी पाहिल्या. त्या देखण्या होत्या, पण जाहिरात कुणासाठी केली, तिने कोणती अडचण सुटायची होती, याचा पत्ता लागत नव्हता. चित्रावरून हात कळतो, विचार कळत नाही. आणि नवख्याला घेणारा माणूस मुख्यतः विचारच शोधत असतो. म्हणून मी ठरवले, की पाने थोडी असली तरी चालतील, पण त्यांतले एक तरी काम खऱ्या दुकानाचे, खऱ्या गिऱ्हाइकांचे असावे.

दुकान शोधायला लांब जावे लागले नाही. आमच्या चाळीतल्या एक काकू थालीपिठाची भाजणी करून विकतात. दिवाळीपर्यंत त्यांना उसंत नसते, पुढे मात्र मागणी ओसरते. "अगं, जाहिरात करून दे की एखादी," त्या म्हणाल्या. मी आधी त्यांची उधारीची वही मागून घेतली. तीत गिऱ्हाइकांची नावे आणि तारखा होत्या. एकदा घेऊन पुन्हा न आलेली माणसेच जास्त होती. म्हणजे प्रश्न नवी गिऱ्हाइके मिळवण्याचा नव्हता, जुनी परत येण्याचा होता. हे एक वाक्य माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे, आणि पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

मग त्यांतल्या अकरा जणांशी बोलले. 'भाजणी आवडली का?' असे विचारले, की सगळेच भिडेखातर 'हो' म्हणतात. म्हणून प्रश्न असा ठेवला, की मागची पिशवी संपल्यावर तुम्ही काय केलेत? उत्तरे मोठी बोलकी मिळाली. नोकरी करणाऱ्या बायका म्हणाल्या, "संपली तेव्हा आठवण झाली, मग राहूनच गेले." एक आजी म्हणाल्या, "दोघांनाच किलोभर कुठे संपते गं? तोवर तिचा वास जातो." चवीबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. अडचणी दोनच होत्या : विसर आणि पिशवीचा आकार.

काकूंनी अर्धा किलोची पिशवी सुरू केली. विसरावर उपाय म्हणून व्हॉट्सअॅपवर निरोप पाठवायचे ठरले. पण पाठवलेला चाललेल का, हे प्रत्येकाला आधी विचारून घेतले. चाळीस जण हो म्हणाले. इथे एक व्यावहारिक गोष्ट सांगायला हवी. ब्रॉडकास्ट यादीने एकदम पाठवलेला निरोप ज्यांनी आपला क्रमांक फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच पोहोचतो, बाकीच्यांना जातच नाही. म्हणून मी निरोप एकेकाला वेगळे पाठवले, आणि पिशवीवरच्या चिठ्ठीत 'हा क्रमांक साठवून ठेवा' ही ओळ घातली.

वहीतल्या क्रमाने एकाआड एक नाव घेऊन वीस-वीस जणांचे दोन गट केले. पहिल्या गटाला लिहिले, 'ताजी भाजणी तयार आहे.' दुसऱ्याला लिहिले, 'मागची भाजणी एव्हाना संपत आली असेल, नाही का?' पुढचा मजकूर, म्हणजे अर्धा किलोची पिशवी, किंमत आणि मागणी कशी नोंदवायची, दोन्हींत अक्षरशः सारखा ठेवला. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तरच फरक कशामुळे पडला ते सांगता येते. दोन्ही निरोप एकाच दिवशी, एकाच वेळी गेले. दहा दिवसांत पहिल्या गटातून तीन मागण्या आल्या, दुसऱ्यातून सात.

आता हा आकडा वहीत कसा लिहावा? 'मागणीत १३३ टक्के वाढ' असे लिहिता आले असते, आणि गणित चुकले नसते. तीनाचे सात झाले, की वाढ तेवढीच होते. पण एवढ्या लहान गटांत चार माणसांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. जाणकार माणूस टक्के पाहिले, की प्रथम 'कितींपैकी?' असे विचारतो, आणि तिथे उत्तर अडले, की उरलेल्या वहीवरचाही विश्वास उडतो. म्हणून मी लिहिले, 'विसांपैकी ३ आणि विसांपैकी ७. आठवण करून देणारा निरोप बरा ठरावा असे दिसते. खात्रीसाठी आणखी दोन महिने हाच प्रयोग करावा लागेल.' शेवटची ओळ दुबळेपणाची वाटेल, पण पुढे काय करायचे हे लेखकाला कळते, एवढे ती सांगते.

अशा रीतीने एका कामाला दोन पाने लागली. क्रम साधा : अडचण, गिऱ्हाइकांचे म्हणणे, त्यावरून घेतलेला निर्णय, प्रत्यक्ष मजकूर, निकाल आणि त्याच्या मर्यादा. निरोपांची चित्रे लावताना गिऱ्हाइकांची नावे आणि क्रमांक झाकले, आणि काकूंची परवानगी घेतली. याच क्रमाने दुसरे काम आमच्या महाविद्यालयाच्या नाट्यप्रयोगाच्या प्रसिद्धीचे घातले. तिसरे एका प्रसिद्ध चहासाठी कल्पिलेल्या जाहिरातीचे. त्यावर वरच्याच ओळीत ठळकपणे लिहिले, 'हा स्वतःहून केलेला सराव आहे, कंपनीचा याच्याशी संबंध नाही.' ही ओळ नसेल, तर नुसते बोधचिन्ह पाहून वाचणाऱ्याला ते आपले खरे गिऱ्हाईक वाटते, आणि मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला ते उघडे पडते. तीन कामांवर मी थांबले. चौथे कच्चे काम घातले, की वाचणारा नेमके तेच लक्षात ठेवतो.

वही पीडीएफ करून गूगल ड्राइव्हवर ठेवली. दुवा पाठवण्यापूर्वी तो मैत्रिणीच्या फोनवर उघडून पाहिला, कारण 'Anyone with the link' ही सोय निवडलेली नसली, तर समोरच्याला वहीऐवजी परवानगी मागणारा पडदा दिसतो. आणि अर्जांचा ढीग उपसणारा माणूस परवानगी मागत बसत नाही.

त्या वहीवर मला आतापर्यंत एका ठिकाणाहून बोलावणे आले. चहाच्या रंगीत पानावर तिथल्या बाई क्षणभरही थांबल्या नाहीत. भाजणीच्या पानावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "'संपत आली असेल' हे शब्द तुम्हांला कुठून सुचले?" मी पान उलटून अकरा जणांची उत्तरे त्यांच्यापुढे ठेवली. पुढची वीस मिनिटे आम्ही त्या उत्तरांवरच बोललो. निकाल अजून कळायचा आहे. काकूंचा दुसऱ्या महिन्याचा निरोप मात्र परवाच गेला आहे, आणि वहीत त्याच्यासाठी मी अर्धे पान मोकळे ठेवले आहे.