टक्केवारी नको, कामाचा मोबदला हवा

"निधी मंजूर झाला की १० टक्के तुमचे," असं कोल्हापुरातल्या लहान संस्था प्रस्ताव लिहायला देताना आम्हाला म्हणतात. आम्ही नकार देतो. का, ते हिशेबानंच पाहू.

समजा, एखाद्या कंपनीच्या सीएसआर निधीतून मुलींच्या अभ्यासिकेसाठी ५ लाख मिळाले. त्यातले ५०,००० आम्हाला कोणत्या खात्यातून देणार? अंदाजपत्रकात पुस्तकं, भाडं, मानधन असतं, टक्केवारी नसते. करारापूर्वीचा खर्चही कंपनी सहसा मान्य करत नाही. मग 'प्रशिक्षणा'ची खोटी पावती बनते आणि विनियोग प्रमाणपत्राच्या वेळी संस्थाच अडकते.

म्हणून आम्ही ठरावीक रक्कम घेतो, तीही संस्थेच्या स्वतःच्या पैशातून. समजा १२,००० ठरले, तर ३,००० कागदपत्रं तपासताना, ६,००० मसुदा देताना आणि ३,००० प्रस्ताव दाखल होताना. अहवालाचं काम वेगळं. १ एप्रिल २०२१ पासून अशा संस्थेला सीएसआर-१ नोंदणी सक्तीची आहे. ती नसेल, तर पहिल्याच टप्प्यावर थांबतो. संस्थेचे ९,००० वाचतात.

काम शोधायचं असेल, तर ट्रस्टचं ऑडिट करणाऱ्या सीएंना भेटा. कुणाचे हिशेब चोख आहेत, ते त्यांना ठाऊक असतं. प्रस्ताव नाकारला गेला तरी श्रम झालेलेच असतात. त्यांचं मोल मंजुरीवर ठरू देऊ नका.