पाठमोरी पुस्तके

ओळखीचा माणूस पाठमोरा असला तरी चालीवरून ओळखू येतो. पुस्तकाच्या बाबतीत मात्र असली ओळख धोक्याची! मामा गेल्यावर मामींनी त्यांची पुस्तके वाचनालयाला द्यायचे ठरवले आणि यादीसाठी कपाटाचा फोटो मला मोबाइलवर पाठवला. माझी रीत साधी. खणाचा क्रमांक, डावीकडून कितवे, मग पाठीवर दिसते तेवढेच नाव आणि लेखक. दिसत नाही तिथे ‘वाचता येत नाही’ असा शेरा, सोबत रंग आणि जाडी. अंदाज करायचाच तर निराळ्या रकान्यात, प्रश्नचिन्हासह.

दुसऱ्या खणातल्या सातव्या पुस्तकाचे नाव फ्लॅशच्या लखलखाटात पुसले गेले होते. खालचे ‘माडगूळकर’ तेवढे शाबूत. शेजारी ‘माणदेशी माणसं’. हात ‘बनगरवाडी’ लिहायला शिवशिवला. पण माडगूळकर बंधूंत लिहिता हात एकच नव्हे! मामींना तेवढे एकच पुस्तक काढून पाहायला सांगितले. निघाले गदिमांचे ‘मंतरलेले दिवस’.

अकरावे तर अगदीच मुके. बांधणीवाल्याने चढवलेले काळे कापड, वर एक अक्षर नाही. असले पुस्तक गाळण्याचा मोह फार. आणि यादीत नसलेले पुस्तक रद्दीत जायला वेळ लागत नाही. शेरा वाचून मामींनी ते उघडले. आत मामांच्या हस्ताक्षरात, त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या.

“हे नाही हं द्यायचं,” मामी म्हणाल्या.

अकराव्या ओळीपुढे मी ‘घरी ठेवले’ असे लिहिले.