आरशामागे ३० सेंटिमीटर

वस्तू नाभी आणि ध्रुव यांच्या मध्ये असली की अंतर्गोल आरशात आभासी, सुलटी आणि वस्तूपेक्षा मोठी प्रतिमा मिळते, हे दहावीच्या मुलांना तोंडपाठ असतं. ती प्रतिमा कुठे असते, असं विचारलं की ‘आरशाच्या मागे’ हेही चटकन येतं. पण मागे म्हणजे किती मागे, यावर वर्ग गप्प होतो. इतकी वर्षं भौतिकशास्त्र शिकवताना माझा सगळा जीव या ‘किती’मध्ये असतो. प्रतिमा मोठी आहे एवढंच कळलं आणि ती कुठे आहे हे कळलं नाही, तर त्या मोठेपणाचं काय करायचं हेही कळत नाही.

म्हणून प्रयोगशाळेत आधी मुलांना नाभीय अंतर काढायला लावते. खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडाची प्रतिमा कागदावर स्पष्ट उमटेपर्यंत आरसा मागेपुढे करायचा. आमचा आरसा २० सेंटिमीटरचा. मग त्याच्यासमोर १२ सेंटिमीटरवर एक टाचणी उभी करायची. 1/v + 1/u = 1/f या सूत्रात चिन्हांसह आकडे घातले की v = +30 येतं, म्हणजे प्रतिमा आरशामागे ३० सेंटिमीटरवर आणि टाचणीच्या अडीचपट उंच. कागदावरचं गणित इथे संपतं.

आता ते ३० सेंटिमीटर शोधायचे. तिथे कागद धरून उपयोग नाही, कारण आरशामागे प्रकाश पोचतच नाही. मी आरशामागे विणकामाची लांब सुई उभी करते, तिचं टोक आरशाच्या वरच्या कडेवरून दिसेल अशी. आरशात टाचणीची मोठी प्रतिमा, तिच्याच रेषेत वर सुईचं टोक. मग मान हळूच उजवीकडे न्यायची. सुई प्रतिमेच्या डावीकडे सरकली, तर ती प्रतिमेपेक्षा आपल्या जवळ आहे, तेव्हा ती मागे ढकलायची. उजवीकडे सरकली तर पुढे आणायची. मान कुठेही नेली तरी दोघी जोडीनेच हलायला लागल्या की पट्टी लावायची. पट्टीवर तिशीच्या आसपासचा आकडा आला की मुलं आरशामागे वाकून पाहतात. तिथे सुईशिवाय काहीच नसतं.

मान न हलवता, नुसती सरळ रेषा जुळलेली पाहून आकडा लिहिणारे असतातच. त्यांचा आकडा २२ किंवा ४० काहीही येऊ शकतो, कारण पुढेमागे असलेल्या दोन वस्तूही एका रेषेत दिसतातच. डोळा आरशाच्या मधल्या अक्षाजवळ ठेवावा लागतो. कडेला गेलं की प्रतिमा वाकडी होते आणि जुळणी बिघडते.

रिकाम्या जागी, ३० सेंटिमीटरवर प्रतिमा का दिसते, याचं कारण किरणांत आहे. टाचणीच्या टोकापासून निघालेले किरण पसरत आरशावर येतात. हा आरसा २० सेंटिमीटरवरून आलेला पसारा पुरता आवरून किरण समांतर करतो. वस्तू जवळ असेल तर पसारा जास्त असतो आणि आरशाला तो थोडाच आवरता येतो. किरण परतताना पसरतच असतात, फक्त आधीपेक्षा कमी. त्यामुळे डोळ्याला ते १२ ऐवजी ३० सेंटिमीटर मागून आल्यासारखे वाटतात.

हाच आरसा डोळ्यापासून १२ सेंटिमीटरवर धरून भुवई पाहा. भुवई ४ सेंटिमीटरची, तर प्रतिमा १० सेंटिमीटरची. पण ती आहे १२ आणि ३० मिळून ४२ सेंटिमीटर दूर. साध्या आरशात तीच भुवई २४ सेंटिमीटरवर ४ सेंटिमीटरची दिसली असती, आणि ४२ सेंटिमीटरवरून तेवढीच दिसायला ती ७ सेंटिमीटरची लागते. म्हणजे अडीचपटीतून डोळ्याच्या वाट्याला येतात दहाला सात, साधारण एक पूर्णांक चार. चेहरा २० सेंटिमीटरच्या जवळ जवळ नेत गेलात तर प्रतिमा दहापट, वीसपट होते. तरी साध्या आरशाच्या तुलनेत दिसणं दुपटीच्या वर जात नाही, कारण प्रतिमा वाढते त्या प्रमाणात दूर पळते. १९ सेंटिमीटरवर ती ३८० सेंटिमीटर मागे असते, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत भिंतीच्या पलीकडे. नाभीपाशी अर्ध्या सेंटिमीटरची चूक उत्तर कुठल्या कुठे नेते, म्हणून टाचणी तिथे ठेवून प्रयोग करू नये.

पण हे दूर पळणं काहींना वरदान आहे. चाळिशी लागलेल्या माणसाला २४ सेंटिमीटरवरचं धूसर दिसतं, त्यामुळे दाढीच्या साध्या आरशात तो जवळ गेला की चेहरा पुसट होतो आणि मागे सरला की बारीक खुंट दिसत नाहीत. अंतर्गोल आरसा त्याच्यासाठी प्रतिमा ४२ सेंटिमीटरवर नेऊन ठेवतो. अनेकांचे डोळे तिथे चष्म्याशिवाय चालतात, आणि दाढी करताना चष्मा तर लावता येत नाही.