आबांचा अलार्म आणि ‘महानिर्वाण’

आबा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डर होते. मीही तिथंच जातो, फक्त भट्टीजवळ नाही, एसीत बसून फाउंड्र्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो.

आबा गेले तेव्हा पंचगंगेच्या स्मशानभूमीत शेणी रचून झाल्या होत्या. मी अग्नी देणार, तेवढ्यात माझ्या खिशातला त्यांचा फोन वाजला. सव्वादोन. दुसऱ्या पाळीचा अलार्म. काका पटकन म्हणाले, “दादा निघालं बघ शिफ्टला!” चारपाच जण हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला दोन वर्षं पुरली.

मग सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ वाचलं. १९७४ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं ते रंगमंचावर आणलं. चाळीतले भाऊराव मरतात आणि स्वतःच कीर्तनकार होऊन आपल्या मरणाचं आख्यान लावतात. बायको रमा शोक करतेय, आणि ज्याच्यासाठी शोक चाललाय तोच उभा राहून आपल्याला गोष्ट सांगतोय. पुढं ते हट्ट धरतात की जाळायचं तर जुन्याच स्मशानात. ते तर बंद झालंय. त्यामुळं प्रेत घरातच राहतं, आणि मुलगा नाना त्याची सोय लावत फिरतो.

गंभीर नाटकात विनोदी प्रवेश येतो तो बहुधा विसाव्यासाठी. थोडं हसायचं, मग पुन्हा रडायला मोकळं. ‘महानिर्वाण’ हा विसावा देत नाही. भाऊरावांचा हट्ट हसवतो, पण त्याच हट्टापायी प्रेत खराब होत जातं. म्हणजे विनोद जितका लांबतो तितकं मरण जवळ येतं. विनोद काढून टाकला तर दुःखही उरत नाही, कारण दोन्हींचा धागा एकच आहे.

कीर्तनाचा साचा इथं नेमका कामाला येतो. कीर्तनकारानं गंभीर विषय सांगताना हसवायचं, याची आपल्याला सवय असते. त्यामुळं आपण बेसावध हसतो. पण कीर्तनात शेवटी बोध मिळतो आणि आपण निवांत घरी जातो. इथं सांगणाराच मेलेला, आणि त्याला अजून जाळायचंय. कुठल्या बाजूला बसायचं हे नाटक सांगत नाही.

मला वाटायचं, काकांच्या त्या वाक्यानं दुःखाला सुट्टी दिली. आता उलटं वाटतं. आबा आता कधीच शिफ्टला जाणार नाहीत, हे मला पहिल्यांदा कळलं ते त्या हसण्यात. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा नव्हे, शेणी रचतानाही नव्हे.

आबांचा फोन अजून चार्ज करतो. सव्वादोनला तो वाजतो. आई स्वयंपाकघरातून म्हणते, “उठवा त्यांना.” मग आम्ही दोघं हसतो, आणि थोडा वेळ कुणी एकमेकांकडं बघत नाही.